‘९८ टक्के परिणामकारक’ म्हणजे नेमकं किती?

कंडोमबद्दल वाचताना एक आकडा हमखास भेटतो: ‘९८ टक्के परिणामकारक’. तो वाचून बहुतेकांचा समज होतो की शंभर वेळा वापरला तर दोनदा दगा मिळणार. काहीजण आणखी पुढे जाऊन वर्षभरात आपल्यावर किती वेळा ही पाळी येईल याचा हिशेबही मांडतात. पण या आकड्याचा किती वेळा वापरलं याच्याशी थेट संबंध नाही. शंभर जोडप्यांनी वर्षभर प्रत्येक संबंधाच्या वेळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, नीट कंडोम वापरला, तर वर्षाअखेर त्यांतल्या साधारण दोघींना दिवस गेलेले असतील, असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे मोजमापाचं एकक ‘शंभर वेळा’ हे नसून ‘शंभर स्त्रिया, एक वर्ष’ हे आहे.

उरलेल्या ९८ जणींना कंडोमनेच वाचवलं, असंही म्हणता येत नाही. कोणतंही साधन न वापरता नियमित संबंध ठेवणाऱ्या शंभर तरुण जोडप्यांपैकी वर्षभरात सुमारे ८५ जणींना दिवस जातात असा अंदाज आहे. पंधरा जणींना तसेही गेले नसते. तेव्हा तुलना करायची ती ८५ ची दोनशी.

आणि मग तो दुसरा आकडा येतो, ज्याने अनेकांचा गोंधळ उडतो. त्याच कंडोमचं अपयश दुसरीकडे १३ टक्के लिहिलेलं असतं. दोन टक्के खरं की तेरा? दोन्ही खरे आहेत. मोजलेली गोष्ट वेगळी आहे.

अचूक वापर आणि प्रत्यक्षातला वापर

पहिला आकडा ‘अचूक वापरा’चा. साधन सांगितल्याप्रमाणे आणि एकदाही न चुकता वापरलं तर काय होतं, हे तो सांगतो. दुसरा ‘प्रत्यक्षातल्या वापरा’चा. लोक घरात जसं वापरतात तसं वापरल्यावर काय होतं, हे तो सांगतो. अमेरिकेतले आज सर्वाधिक वापरले जाणारे अंदाज घेतले, तर रोजच्या गोळ्यांचं पहिल्या वर्षातलं अपयश अचूक वापरात ०.३ टक्के आणि प्रत्यक्षात ७ टक्के आहे. आपल्या सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ नावाने मिळणाऱ्या तीन महिन्यांच्या इंजेक्शनचे आकडे ०.२ आणि ४ आहेत. तांबीचे ०.६ आणि ०.८. तांबी एकदा बसवली की रोज काही आठवणीत ठेवावं लागत नाही, त्यामुळे दोन आकड्यांत फरक पडायला जागाच उरत नाही. दोन्ही आकड्यांमधलं अंतर म्हणजे ते साधन माणसाच्या रोजच्या वागण्यावर किती अवलंबून आहे याचं माप. साधन निवडताना माझ्या मते सगळ्यात उपयोगी माहिती हीच असते.

‘प्रत्यक्षातल्या वापरात’ साधन अजिबात न वापरणंही मोडतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘आम्ही कंडोम वापरतो’ असं सांगणाऱ्या जोडप्याकडे एका रात्री कंडोम नव्हता आणि त्या महिन्यात दिवस गेले, तर ते अपयश कंडोमच्याच खात्यात लिहिलं जातं, कारण त्या महिन्यातलं त्यांचं साधन कंडोम होतं. म्हणून १३ टक्क्यांचा अर्थ ‘कंडोम फाटतात’ असा काढणं चूक आहे. त्यातला मोठा भाग न वापरलेल्या कंडोमचा आहे.

गोळ्यांचंही तसंच. माला-एन किंवा माला-डीच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या. मधलीच एखादी गोळी विसरली तर सहसा फार बिघडत नाही. खरा धोका असतो तो नवं पाकीट उशिरा सुरू करण्यात. लोहाच्या गोळ्यांचे सात दिवस हा संप्रेरकाचा खंड असतो, आणि त्या काळात अंडाशयातली बीजं पुन्हा वाढायला लागलेली असतात. त्या सात दिवसांचे नऊ-दहा दिवस झाले तर एखादं बीज पूर्ण वाढून बाहेर पडू शकतं. दुकान बंद होतं, माहेरी जाताना पाकीट राहून गेलं, आशाताई या महिन्यात आल्या नाहीत, अशा कारणांनी नेमका हाच उशीर होतो. ०.३ चे ७ होतात ते अशा ठिकाणी.

पर्लची मोजपट्टी आणि तिच्यातली खोट

हे मोजायचं कसं? १९३३ साली रेमंड पर्ल या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने एक सोपी रीत मांडली. चाचणीतल्या सगळ्या स्त्रियांनी मिळून साधन किती महिने वापरलं याची बेरीज करायची. त्या काळात किती गर्भधारणा झाल्या ते मोजायचं. गर्भधारणांच्या संख्येला १२०० ने गुणून एकूण महिन्यांनी भागायचं, म्हणजे शंभर स्त्रियांच्या एका वर्षामागे किती गर्भधारणा ते कळतं. महिन्यांऐवजी २८ दिवसांची चक्रं मोजली तर वर्षात तेरा चक्रं बसतात, म्हणून १३०० ने गुणायचं. याला पर्ल इंडेक्स म्हणतात, आणि नव्या गोळीला परवानगी मागताना कंपन्या आजही हाच आकडा पुढे ठेवतात.

या मोजपट्टीत एक मोठी खोट आहे. ती समजण्यासाठी एक काल्पनिक गट घेऊ, आकडे माझे. एक हजार स्त्रिया एकच साधन वापरताहेत. त्यांतल्या २०० जणींच्या हातून वरचेवर चुका होतात, किंवा त्यांना मुळातच चटकन दिवस जातात. त्यांना दर महिन्याला ५ टक्के धोका आहे. उरलेल्या ८०० जणी काटेकोर आहेत आणि त्यांचा धोका दर महिन्याला ०.१ टक्का आहे. साधन तेच, आणि कोणाच्याही वागण्यात वर्षानुवर्षं काही बदल होत नाही.

पहिल्या वर्षात त्या २०० पैकी सुमारे ९२ जणींना दिवस जातील आणि काटेकोर गटातल्या नऊ-दहा जणींना. पर्ल इंडेक्स येईल साधारण ११. दिवस गेले की ती स्त्री मोजणीतून बाहेर पडते. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला जास्त धोक्याच्या गटात १०८ जणीच उरतात, तर कमी धोक्याचा गट जवळजवळ जसाच्या तसा असतो. दुसऱ्या वर्षाचा पर्ल इंडेक्स येतो सुमारे ७ आणि तिसऱ्या वर्षाचा सुमारे ४. तिन्ही वर्षांचा मिळून काढला तर साडेसातच्या आसपास.

याचा परिणाम काय होतो पाहा. एका कंपनीने एक वर्षाची चाचणी केली तर ती ११ हा आकडा छापेल. दुसरीने त्याच साधनाची, त्याच लोकांवर तीन वर्षांची चाचणी केली तर ती साडेसात छापेल. दुसरीचं साधन तिळमात्र चांगलं नसतानाही ते चांगलं दिसेल. चाचणी जितकी लांबवाल तितका पर्ल इंडेक्स खाली येतो. म्हणून कोणताही पर्ल इंडेक्स वाचताना पहिला प्रश्न हा विचारायचा की तो किती काळाचा आहे. वेगवेगळ्या मुदतींच्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

या मोजपट्टीचं वरचं टोकही १०० नाही. सगळ्याच जणींना पहिल्याच महिन्यात दिवस गेले तर पर्ल इंडेक्स येईल १२००. म्हणजे तो टक्केवारी नाही, जरी बातम्यांमध्ये त्यापुढे सर्रास टक्क्याचं चिन्ह लावलेलं दिसतं.

यावरचा उपाय म्हणजे जीवनसारणी. विमा कंपन्या मृत्यूचं प्रमाण काढताना फार पूर्वीपासून ती वापरत आल्या आहेत. गर्भनिरोधनाच्या अभ्यासात ती रुजवण्यात १९६० च्या दशकातल्या रॉबर्ट पॉटर आणि ख्रिस्तोफर टीट्झ या संशोधकांचा मोठा वाटा आहे. यात दर महिन्याला वेगळा हिशेब होतो. या महिन्याच्या सुरुवातीला साधन वापरणाऱ्या किती जणी होत्या, आणि त्यांतल्या किती जणींना या महिन्यात दिवस गेले? मग बारा महिन्यांत एकदाही दिवस न जाण्याची शक्यता गुणाकाराने काढतात. कोणी मध्येच चाचणी सोडली तर ती जितके महिने होती तेवढ्यांतच मोजली जाते. ‘पहिल्या वर्षातलं अपयश ७ टक्के’ असं जेव्हा वाचायला मिळतं तेव्हा ते बहुधा या रीतीने काढलेलं असतं, आणि त्यातले ‘पहिल्या वर्षातलं’ हे शब्द गाळून चालत नाहीत.

भागाकारात खाली काय आहे?

आता या विषयातल्या सगळ्यात नाजूक चुकीकडे येतो. तज्ज्ञांच्या लेखांतही ती कित्येक वर्षं होत आली.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक आरोग्य संघटनेने पाच शहरांत एक चाचणी सुरू केली: ऑकलंड, बंगळूर, डब्लिन, मनिला आणि एल साल्वादोरमधलं सान मिगेल. तपासायची होती ती स्रावावरून सुपीक दिवस ओळखण्याची पद्धत. योनीतला स्राव बीज बाहेर पडण्याच्या सुमारास पातळ, निसरडा आणि ताणला जाणारा होतो. स्त्रीने तो रोज पाहायचा आणि त्या दिवसांत संबंध टाळायचा. नियम बरेच होते. पाळीच्या दिवसांत संबंध नाही, त्यानंतरच्या कोरड्या दिवसांत एक दिवसाआड, स्राव दिसू लागला की थांबायचं, आणि स्राव सर्वाधिक निसरडा असलेल्या शेवटच्या दिवसानंतर आणखी तीन दिवस थांबायचं. सहभागी स्त्रियांना आधी तीन चक्रं शिकवण्यात आलं, आणि मग ७२५ जणी पुढच्या तेरा चक्रांच्या मुख्य टप्प्यात आल्या. रोजची नोंद तक्त्यावर होत असल्यामुळे कोणत्या चक्रात नियम पाळले आणि कोणत्यात मोडले हे नंतर पाहता येत होतं. अशी माहिती फार थोड्या चाचण्यांतून मिळते. म्हणूनच मी हे उदाहरण घेतलं.

वर्षभरात जवळपास पाचातल्या एकीला दिवस गेले. मूळ अहवालाने त्यांची कारणांनुसार वर्गवारी केली. नियम मोडून झालेल्या वेगळ्या, नियम चुकीचा समजल्याने झालेल्या वेगळ्या, आणि सगळं पाळूनही झालेल्या वेगळ्या. शेवटच्या गटाला ‘पद्धतीचं अपयश’ म्हटलं गेलं आणि त्याचा दर तीनच्या आतबाहेर निघाला.

ऐकायला हे बरोबर वाटतं. पण भागाकार कशाने केला ते पाहा. वर नियम पाळून झालेल्या गर्भधारणा, आणि खाली सगळी चक्रं, नियम पाळलेली आणि मोडलेली मिळून. नियम मोडलेल्या चक्रात झालेली गर्भधारणा ‘पद्धतीचं अपयश’ म्हणून मोजलीच जाणार नसते, मग ते चक्र खाली धरायचं कशासाठी? अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे जेम्स ट्रसेल आणि त्यांचे सहकारी लॉरेन्स ग्रमर-स्ट्रॉन यांनी १९९० मध्ये याच माहितीचा हिशेब नव्याने केला. नियम पाळलेल्या चक्रांतल्या गर्भधारणा त्याच चक्रांवर भागल्या, आणि मोडलेल्या चक्रांतल्या त्या चक्रांवर.

निकाल असा आला. कायम नियम पाळले तर पहिल्या वर्षातलं अपयश ३.१ टक्के. कायम मोडले तर ८६.४ टक्के.

दुसरा आकडा पहिल्यांदा वाचला की धक्का बसतो. काहीच साधन न वापरण्याचा अंदाज ८५ टक्के, म्हणजे हा जवळजवळ तेवढाच. पण नियम मोडणं म्हणजे इथे काय याचा विचार केला की तो पटतो. ही पद्धत एकच गोष्ट करते, सुपीक दिवसांत संबंध टाळायला सांगते. नियम मोडायचा तर बहुतेक वेळा त्याच दिवसांत मोडला जातो, आणि त्या दिवसांत दुसरं कोणतंही संरक्षण नसतं. गोळी एक दिवस चुकली तरी मागच्या गोळ्यांचा परिणाम शिल्लक असतो. या पद्धतीत असं काही शिल्लक राहत नाही. साधन चांगलं की वाईट एवढं विचारून भागत नाही, चुकीला ते किती माफ करतं हेही विचारावं लागतं. हा विचार त्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आला.

या चाचणीत बहुसंख्य चक्रांत नियम पाळले गेले होते. म्हणून जुन्या आणि नव्या हिशेबात ‘पद्धतीच्या अपयशा’चा फरक थोडाच पडला. पण लोकांना पाळायला कठीण जाणाऱ्या साधनात तो प्रचंड पडू शकतो. समजा, एका चाचणीत १००० चक्रं नोंदली. त्यांतल्या फक्त ३०० चक्रांत वापर अचूक होता, आणि त्या ३०० चक्रांत ३ गर्भधारणा झाल्या. जुन्या रीतीने ३ भागिले १०००, गुणिले १३००, म्हणजे ३.९. योग्य रीतीने ३ भागिले ३००, गुणिले १३००, म्हणजे १३. साधन होतं त्याच्या तिपटीहून चांगलं दिसलं, आणि गंमत नव्हे, पण लोक जितके जास्त चुकतील तितकं ते आणखी चांगलं दिसत जाईल, कारण चुकलेली चक्रं खालचा आकडा फुगवत राहतात. आज मासिक पाळीचा हिशेब ठेवणाऱ्या मोबाइल ॲपच्या जाहिरातींत ‘अचूक वापरात इतके टक्के’ असं दिसलं, तर भागाकारात खाली नेमकी कोणती चक्रं घेतली आहेत हे पाहावं. ते सांगितलेलंच नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नये.

यात आणखी एक अडचण आहे. ‘अचूक वापर’ ठरवायचा तर वापरणाऱ्यांनी खरं सांगायला हवं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गोळ्यांच्या पाकिटाला इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र बसवलं होतं. गोळी केव्हा काढली ते यंत्र टिपत असे, आणि त्याच वेळी स्त्रिया डायरीतही नोंद करत. तिसऱ्या चक्रात तीन किंवा जास्त गोळ्या चुकल्याचं डायरीनुसार दहा-पंधरा टक्के जणींच्या बाबतीत दिसत होतं. यंत्रानुसार ते प्रमाण सुमारे निम्म्यावर होतं. या स्त्रिया खोटं बोलत होत्या असं मला वाटत नाही. कालची गोळी घेतली की नाही हे आज आठवत नाही, आणि दवाखान्यात डायरी द्यायची म्हणून ती एकदम भरली जाते. पण त्यामुळे चुकलेली चक्रं अचूक म्हणून नोंदली जातात. याच कारणाने अनेक साधनांचे अचूक वापराचे आकडे हे थेट मोजमाप नसून चाचण्यांतल्या सगळ्यात नीट माहितीवरून तज्ज्ञांनी बांधलेले अंदाज आहेत. गोळ्यांचा ०.३ हा त्यांतलाच.

चाचणीतली बाई आणि घरातली बाई

गर्भनिरोधकाच्या चाचणीत अर्ध्या स्त्रियांना खोटी गोळी देता येत नाही. कोणालाही नको असलेली गर्भधारणा पत्करायला लावणं अनैतिक ठरेल. म्हणून बहुतेक चाचण्यांत एकच गट असतो, सगळ्यांना खरं साधन मिळतं, आणि तुलनेला दुसरा गट नसतो. मग निकाल ठरतो तो चाचणीत कोणाला घेतलं यावर. मुख्य हिशेबात साधारण ३५ वर्षांपर्यंतच्याच स्त्रिया धरतात, कारण त्यापुढे दिवस जाण्याची शक्यता मुळातच घटत जाते आणि साधन उगाच चांगलं दिसू लागतं. ज्या चक्रात संबंधच आला नाही, किंवा गोळीबरोबर कंडोमही वापरला, ते चक्र गाळतात. गर्भ केव्हा राहिला हे सोनोग्राफीवरून ठरवतात, आणि शेवटच्या गोळीनंतर काही दिवसांत राहिलेला गर्भही साधनाच्याच खात्यात टाकतात.

एवढी काळजी घेऊनही गेल्या काही दशकांत नव्या गोळ्यांचे पर्ल इंडेक्स चढत गेलेले दिसतात. गोळीतली औषधं निकृष्ट झाली असं नाही. पूर्वी पाळी चुकून बरेच दिवस गेल्यावर तपासणी होत असे. आता संवेदनशील चाचण्या वरचेवर होतात, आणि पूर्वी ‘पाळी जरा उशिरा आली’ म्हणून निघून गेलेल्या अगदी सुरुवातीच्या गर्भधारणाही पकडल्या जातात. शिवाय पूर्वी जास्त वजनाच्या किंवा गोळ्या चुकवण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांना वगळत, आता त्यांनाही घेतात. हा बदल मला योग्य वाटतो. आकडा वाईट दिसतो, पण तो खऱ्या बायकांचा असतो. अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालेल्या, त्वचेवर चिकटवायच्या एका गर्भनिरोधक पट्टीचा पर्ल इंडेक्स ४.८ होता, आणि वजनाप्रमाणे आकडे वेगळे काढल्यावर लठ्ठ स्त्रियांत तो बराच जास्त निघाला. म्हणून बॉडी मास इंडेक्स ३० किंवा त्याहून अधिक असलेल्यांनी ती वापरू नये अशी अट घातली गेली. जुन्या पद्धतीने, सडपातळ स्त्रियांवरच चाचणी झाली असती तर हे कळलंच नसतं.

प्रत्यक्षातल्या वापराचे आकडे मात्र चाचण्यांतून येतच नाहीत. चाचणीत फोन येतात, भेटी ठरलेल्या असतात, साधन फुकट मिळतं. घरी यातलं काही नसतं. म्हणून हे आकडे घरोघरी जाऊन केलेल्या सर्वेक्षणांतून काढतात. मागच्या काही वर्षांत महिन्यागणिक कोणतं साधन वापरलं, केव्हा सोडलं, केव्हा दिवस गेले, असं विचारून एक दिनदर्शिका भरली जाते. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही अशी दिनदर्शिका असते.

त्यातली मोठी फट म्हणजे गर्भपात. साधन फसून राहिलेल्या गर्भांपैकी अनेक पाडले जातात, आणि घरी आलेल्या अनोळखी बाईला ते सगळ्याच जणी सांगत नाहीत. न सांगितलेला गर्भपात म्हणजे न मोजलेलं अपयश. अमेरिकेत दवाखान्यांकडून मिळालेल्या गर्भपातांच्या आकड्यांवरून ही तूट भरून काढतात. तशी दुरुस्ती केल्यावर कंडोमचं अपयश १३ येतं. २०१६ मध्ये ४३ विकसनशील देशांची सर्वेक्षणं एकत्र करून काढलेल्या अंदाजात कंडोमचा मधला आकडा ५.४ होता. या देशांतली जोडपी कंडोम दुप्पट नीट वापरतात, असा निष्कर्ष काढणं धाडसाचं होईल. जिथे गर्भपाताबद्दल बोलणं अवघड, तिथे अपयश कमीच दिसणार. नवरा कामासाठी महिनोन्महिने दूर असेल तर संबंधही कमी येतात आणि आकडा आणखी खाली येतो.

ऑपरेशननंतरही

आपल्याकडे सर्वाधिक वापरलं जाणारं साधन म्हणजे स्त्री नसबंदी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती, तर पुरुष नसबंदी ०.३ टक्के होती. ‘ऑपरेशन झालं म्हणजे आता विचारच करायला नको’ असं सगळीकडे ऐकू येतं. पहिल्या वर्षाचं अपयश हजारात पाचच्या आसपास असल्यामुळे ते बरंचसं खरंही आहे. पण इथे साधन वर्षभराचं नाही, वीस-पंचवीस वर्षांचं आहे, आणि पहिल्या वर्षाचा आकडा त्याबद्दल पुरेसं सांगत नाही.

अमेरिकेत नसबंदी झालेल्या १०,६८५ स्त्रियांचा कित्येक वर्षं पाठपुरावा केला गेला आणि निकाल १९९६ मध्ये आले. पहिल्या वर्षात हजारात ५.५ असलेलं अपयश दहा वर्षांत हजारात १८.५ पर्यंत पोचलं. म्हणजे दोनतृतीयांशाहून जास्त गर्भधारणा पहिलं वर्ष उलटल्यावर झाल्या. गर्भनलिका कशी बंद केली आणि वय किती होतं यावरही बराच फरक पडला. विजेने नलिका जाळण्याच्या एका पद्धतीत, २८ वर्षांखालच्या स्त्रियांमध्ये दहा वर्षांतलं प्रमाण हजारात ५४ होतं. तरुण वयात शरीर लवकर भरून येतं आणि दिवस जाऊ शकतील अशी वर्षंही पुढे जास्त असतात. आपल्याकडे पुष्कळ बायकांचं ऑपरेशन पंचविशीतच होतं, म्हणून ही गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे.

त्या अभ्यासातल्या अशा गर्भधारणांपैकी सुमारे एकतृतीयांश गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत राहिलेल्या होत्या. नलिकेतला गर्भ वाढला तर नलिका फुटते आणि पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. नसबंदी झालेल्या स्त्रीची पाळी चुकली, अवेळी थोडं रक्त गेलं, किंवा ओटीपोटात एका बाजूला दुखायला लागलं, तर ‘ऑपरेशन झालंय, दिवस कसे जातील’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी लघवीची तपासणी करावी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर लगेच सोनोग्राफी. डॉक्टरांना ऑपरेशन केव्हा आणि कोणत्या पद्धतीने झालं ते सांगावं. त्यासाठी ऑपरेशनच्या वेळचा कागद जपून ठेवावा. नसबंदी फसल्यास मिळणाऱ्या सरकारी भरपाईसाठीही तोच लागतो.

असा गर्भ गर्भाशयातच असेल आणि नको असेल, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतरचा कायदा साधन फसणं हे गर्भपाताचं वैध कारण मानतो. ती तरतूद वीस आठवड्यांपर्यंत आहे, आणि स्त्री विवाहित असण्याची अट त्यात नाही. गोळी चुकली होती का, कंडोम नीट वापरला होता का, याचा पुरावाही तो मागत नाही.